तीनशे ज्यूल की नऊशे?

सांगलीच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्याकडे नवा कॉम्प्युटर घेतला आहे. यजमानांच्या दुकानाचे हिशेब आणि मुलीचा अभ्यास, दोन्ही त्याच्यावरच. कॉम्प्युटरच्या रक्षणासाठी दुकानदाराने दोन सर्ज प्रोटेक्टर दाखवले, म्हणजे आपण ज्याला स्पाइक गार्डची पट्टी म्हणतो ते. दिसायला दोन्ही सारखे. एकावर ३०० ज्यूल लिहिलेले, दुसऱ्यावर ९००, आणि किंमत दुप्पट. "ज्यूल म्हणजे काय ते दुकानदारालाही सांगता येईना. 'जास्त ते चांगलं, ताई,' एवढंच म्हणाला. मग घालू का दुप्पट पैसे?" असे त्या विचारतात.

दुकानदाराचे म्हणणे अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे कळायला पट्टीच्या पोटात काय असते ते पाहू या.

आपल्या घरात २३० व्होल्टची वीज येते. पण जवळपास वीज कडाडली, गेलेले दिवे परत आले किंवा मोटारीचा पंप बंद झाला, की क्षणभर, अगदी सेकंदाच्या लाखाव्या हिश्शापुरता, विजेचा दाब उसळून हजार-दोन हजारांवर जातो. ही उसळी म्हणजे सर्ज. पंप किंवा मिक्सर ती सहसा पचवतात. कॉम्प्युटरच्या आतले नाजूक भाग पचवत नाहीत.

पट्टीत नाण्याएवढ्या चकत्या बसवलेल्या असतात, त्यांना व्हेरिस्टर म्हणतात. त्यांचे काम आपल्या प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखे. ठरावीक दाबापर्यंत शिट्टी गप्प बसते, दाब वर गेला की उचलली जाते आणि वाफ बाहेर. तशी ही चकती एरवी वीज अडवून धरते. दाब फार चढला की स्वतः वाट मोकळी करून उसळी बाजूला वळवते. वाट करून देताना जी ऊर्जा तिच्या अंगात शिरते, तिची उष्णता होते. किती ऊर्जा चकत्यांना सोसेल, तो आकडा म्हणजे ज्यूल.

एक ज्यूल म्हणजे एक वॅट, एक सेकंद. साठ वॅटचा बल्ब दर सेकंदाला साठ ज्यूल खातो. म्हणजे नऊशे ज्यूल हा बल्बचा फक्त पंधरा सेकंदांचा खुराक! वाचून हसू येईल, पण उसळी असते किती वेळ? ढोबळ हिशेब करू. चकतीवर ७०० व्होल्ट, तिच्यातून ५०० अँपिअर प्रवाह, आणि वेळ सेकंदाचा दहा लाखावा भाग गुणिले वीस. गुणाकार केला की येतात सात ज्यूल. उसळी खूप मोठी असेल, म्हणजे १००० व्होल्ट आणि ३००० अँपिअर, तर तेवढ्याच वेळात साठ ज्यूल.

मग ३०० ज्यूलची पट्टी सातच्या हिशेबाने चाळीसेक उसळ्या झेलेल, असे वाटेल. तसे मात्र होत नाही. फरशी पुसायचं फडकं पिळून पुन्हा वापरता येतं. ही चकती पिळता येत नाही. प्रत्येक उसळीने ती आतून थोडी झिजते. लहान उसळ्या ती पुष्कळ सोसते, मोठी एखादीच तिला संपवू शकते. म्हणून जास्त ज्यूल म्हणजे जास्त संरक्षण असे नव्हे. पट्टी जास्त दिवस टिकेल एवढाच त्याचा अर्थ.

आता आकड्यातली गंमत. उसळी तीन वाटांनी येऊ शकते: फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये, फेज आणि अर्थिंगमध्ये, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये. चांगल्या पट्टीत तिन्ही वाटांवर चकत्या असतात, आणि खोक्यावर छापलेला आकडा बहुधा सगळ्यांची बेरीज असतो. म्हणजे ९०० ची पट्टी एका वाटेवर ३०० चीच असू शकते. उलट ३०० ची पट्टी सगळी ताकद फेज-न्यूट्रलवरच लावून बसलेली असेल, तर त्या एका वाटेवर दोघी सारख्याच, आणि बाकीच्या दोन वाटा सताड उघड्या. म्हणून दुकानात विचारायचं ते असं: "तिन्ही वाटांना संरक्षण आहे का, आणि क्लॅम्पिंग व्होल्टेज किती?"

क्लॅम्पिंग व्होल्टेज म्हणजे उसळी किती दाबाला रोखून धरली जाते तो आकडा. कॉम्प्युटरला खरोखर वाचवतो तो हाच, आणि इथे कमी ते चांगलं. पण फार कमीही चालत नाही. आपली २३० व्होल्टची वीज आपल्या प्रत्येक आवर्तनातच सव्वातीनशेला शिवत असते, त्यामुळे चकतीला तिच्याही वर राहावं लागतं. आपल्याकडच्या पट्टीवर ७०० च्या आसपास असेल तर ठीक. ३३० किंवा ४०० दिसलं तर ती पट्टी १२० व्होल्टच्या देशासाठी केलेली समजा. अमेरिकेहून येणाऱ्या भावोजींनी प्रेमाने आणली असली तरी आपल्या भिंतीत लावू नका. तिच्या चकत्या आपल्या रोजच्या विजेलाच उसळी समजून तापतात, आणि आगीची भीती असते.

सांगलीच्या ताईंना माझं उत्तर: तिन्ही वाटांची ९०० ची पट्टी असेल तर घ्या, कॉम्प्युटरसाठी ती योग्य आहे. पण आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंग नसेल तर तीनपैकी दोन वाटांवरच्या चकत्यांना उसळी सोडायला जागाच नाही. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये घालणं म्हणजेही तेच. आणि ज्या पट्टीवर ज्यूलचा आकडाच छापलेला नाही, ती नुसता एक्स्टेन्शन बोर्ड समजा, मग तिला कितीही बटणं असोत.

पट्टी संपली हे कसं कळणार? बटणातला लाल दिवा फक्त वीज आहे एवढंच सांगतो. संरक्षणाचा दिवा वेगळा असतो. बहुधा हिरवा, त्याच्याजवळ तसं लिहिलेलं. तो विझला तरी बऱ्याच पट्ट्यांतून वीज येतच राहते, कॉम्प्युटर चालतच राहतो आणि आपण निर्धास्त! असा वेगळा दिवा असलेलीच घ्या. प्लास्टिक तपकिरी पडलं किंवा जळकट वास आला, तर दिव्याची वाट न पाहता बदला. पट्टीच्या पाठीवर खरेदीची तारीख लिहून ठेवली की तीनचार वर्षांनी बदलायची आठवण राहते.

एक गोष्ट ही पट्टी करत नाही. गावात कधी न्यूट्रल तुटतो आणि घरात मिनिटामिनिटांसाठी ३५०-४०० व्होल्ट येतात. ती उसळी नव्हे, तो पूर आहे. त्यात चकत्या जळून जातात. त्यासाठी जास्त दाब आला की वीज तोडणारं वेगळं उपकरण लागतं. वीज थेट घरावर पडली तर नऊशे काय, नऊ हजार ज्यूलही पुरे पडायचे नाहीत. आभाळ गडगडायला लागण्याआधी प्लग काढा, आणि इंटरनेटची तांब्याची तार असेल तर तीही. उसळी त्या तारेतूनसुद्धा शिरते, आणि भिंतीतल्या पट्टीला त्याचा पत्ताही लागत नाही.