‘ड’ तुकडीचा न्याय

जून महिन्यात शाळेच्या फलकावर तुकड्यांच्या याद्या लागतात. पालक बोट फिरवीत आपल्या पाल्याचे नाव शोधतात. ‘अ’ मध्ये सापडले की घरी पेढे येतात. ‘ड’ मध्ये सापडले की घर मुके होते. आपल्या धर्मग्रामांच्या अनेक शाळांतून गुणांच्या उतरंडीनुसार मुलांची ही वाटणी वर्षानुवर्षे चालत आली आहे. ती इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यात काही अन्याय असेल असे आपल्या मनातही येत नाही. हा अन्याय आहे, आणि तो ख्रिस्ताच्या नावाने चालणाऱ्या शाळेला शोभत नाही, हे स्पष्टपणे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

प्रथम ही वाटणी कशी होते ते पाहू. समजा, आठवीत दोनशे मुले आहेत आणि पन्नासांच्या चार तुकड्या पाडायच्या आहेत. सातवीच्या वार्षिक परीक्षेच्या एकूण गुणांनुसार यादी केली जाते आणि प्रत्येक पन्नासाव्या नावाखाली रेघ ओढली जाते. पन्नासाव्या मुलाला ७२.४ टक्के आणि एक्कावन्नाव्याला ७२.२ टक्के गुण असतात. हीच परीक्षा आठ दिवसांनी पुन्हा घेतली, तर या दोघांचे क्रम सहज उलटतील. एकाला त्या दिवशी ताप होता, दुसऱ्याला नेमका पाठ केलेला प्रश्न आला. परीक्षेत एवढा फरक नेहमीच पडतो. परंतु एकदा ओढलेली रेघ वर्षभर पुसली जात नाही.

दुसरा दोष याहून मोठा आहे. तुकडी एकूण गुणांवर ठरते, मूल मात्र सर्व विषयांत सारखे नसते. एखाद्या मुलाला मराठीत ७८ गुण आहेत, गणितात ३१ आणि इंग्रजीत ३८. सरासरीने तो ‘क’ मध्ये जातो. त्याला गणितात मदत हवी होती हे खरे. पण आता मराठीचा तासही त्याला खालच्या तुकडीचाच मिळतो. एका विषयातील कच्चेपणाची शिक्षा त्याला सर्व विषयांत भोगावी लागते.

पुढे काय घडते? दहावीच्या निकालाची चिंता असल्याने अनुभवी शिक्षक ‘अ’ ला दिले जातात. ‘ड’ कडे बहुधा नवखे शिक्षक जातात, किंवा ज्यांचे तास उरले आहेत ते. ‘यांना हे झेपणार नाही’ असे म्हणून अवघड उदाहरणे गाळली जातात. वर्षात गणिताची पंधरा प्रकरणे असतील, तर ‘अ’ ची पंधराही होतात आणि ‘ड’ ची दहा. वार्षिक परीक्षेची प्रश्नपत्रिका मात्र एकच, सर्व पंधरा प्रकरणांवरची. शिकवलेली दहाही प्रकरणे ‘ड’ मधील एखाद्या मुलीने तोंडपाठ केली, तरी शंभरांपैकी सुमारे सदुसष्टच्या वर ती जाऊच शकत नाही. मग निकाल पाहून आपण म्हणतो, “बघा, आम्ही तिला योग्य तुकडीत घातले होते!” ज्या शिडीच्या वरच्या पायऱ्या आपणच काढून घेतल्या, तिच्यावर मूल चढले नाही म्हणून दोष मुलाला!

आणि मूलही ते मान्य करते. वर्गात हात वर करणे ते सोडून देते, गृहपाठ उतरवून आणते. विचारले तर हसून म्हणते, “सर, आम्ही ‘ड’ वाले.” इंग्लंडमध्ये बेकी फ्रान्सिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दशकात माध्यमिक शाळांतील अशा वाटणीचा अभ्यास केला. गणितात जवळजवळ एक तृतीयांश मुले, आधीच्या परीक्षेतील त्यांच्या गुणांनुसार जिथे असायला हवी होती, तिथे नव्हतीच असे त्यांना आढळले. वरच्या आणि खालच्या गटांतील मुलांच्या आत्मविश्वासातील दरी काळाबरोबर रुंदावत गेली, असेही त्यांनी नोंदवले. तिथेही शाळांचा हेतू वाईट नव्हता.

शिक्षकांचा आक्षेप मला ठाऊक आहे. “एका वर्गात साठ मुले. कुणाला वाचता येत नाही, कुणी पुस्तक संपवून बसलेले. शिकवायचे कुणाला?” हा प्रश्न खोटा नाही, आणि त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. केनियामध्ये १२१ प्राथमिक शाळांत पहिलीच्या वर्गांवर एक प्रयोग झाला; २०११ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्या शाळांत मुले पातळीनुसार विभागली होती. तिथे खालच्या वर्गातील मुलांचीही प्रगती अधिक झाली. म्हणजे विभागणी चांगली? थोडे थांबा. तिथे कोणता शिक्षक कोणत्या वर्गाला जाणार हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरले होते. चांगला शिक्षक वरच्यांसाठी राखून ठेवलेला नव्हता. शिवाय मुले जिथे होती तिथून शिकवण्यास शिक्षकाला मोकळीक मिळाली. आपल्या ‘ड’ तुकडीत या दोन्ही गोष्टी नसतात.

त्याहून जवळचे उदाहरण आपल्याच मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेचे आहे. तिच्या पद्धतीत मुलाला अक्षर येते, शब्द येतो, परिच्छेद येतो की गोष्ट वाचता येते, हे काही मिनिटांत तोंडी तपासले जाते. त्यानुसार तिसरी ते पाचवीची मुले इयत्ता बाजूला ठेवून दिवसातला थोडा वेळ गटात बसतात. काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी होते आणि मूल पुढच्या गटात जाते. उरलेला दिवस ते आपल्या नेहमीच्या वर्गात असते. गट आणि तुकडी यांतला फरक इथेच आहे. गट एका कौशल्यासाठी असतो, थोड्या वेळासाठी असतो आणि त्यातून बाहेर पडण्याचे दार उघडे असते. तुकडी मात्र सर्व विषयांसाठी, वर्षभरासाठी आणि बहुधा कायमची असते.

आपल्या ‘ड’ तुकडीत कोण बसते, तेही एकदा डोळे उघडून पाहावे. पाड्यावरून चालत येणारी आदिवासी मुले, ज्यांच्या घरात पुस्तक उघडणारे तेच पहिले. रोजंदारीवर जाणाऱ्यांची मुले. घरात बोलीभाषा आणि शाळेत प्रमाणभाषा अशी ओढाताण सोसणारी मुले. रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात, प्रथम कम्युनियनच्या तयारीत, आपण मुलांना गुणांनुसार बसवत नाही. मग सोमवारी त्याच मुलांमध्ये रेघ ओढण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

धर्मग्रामांतील धर्मगुरूंचे आश्रयदाते संत जॉन मेरी व्हियानी यांना लॅटिन जमत नव्हते. लिओनच्या सेमिनरीतून त्यांना परत पाठवण्यात आले. त्या काळी ‘ड’ तुकडी असती, तर ते तिच्यात शेवटच्या बाकावर असते. फादर बॅली यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून स्वतः शिकवले आणि १८१५ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. कच्च्या विद्यार्थ्याला अधिक आणि उत्तम शिक्षक द्यावा, हा धडा आपल्याच परंपरेत आहे. हरवलेल्या मेंढरामागे स्वतः मेंढपाळ गेला. त्याने नवखा गुराखी धाडला नाही.

म्हणून पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या सभेत पालकांनी चार प्रश्न विचारावेत. गेल्या वर्षी खालच्या तुकडीतून किती मुले वर गेली? ‘ड’ ला गणित कोण शिकवते आणि त्यांचा अनुभव किती? दिवाळीपर्यंत प्रत्येक तुकडीची किती प्रकरणे झाली? वाचनात आणि गणितात मागे असलेल्यांसाठी रोजचा एक तास वेगळा आहे काय? उत्तरे समाधानकारक नसतील, तर मागणी साधी आहे: तुकड्या चिठ्ठ्या टाकून पाडा, जाणते शिक्षक सर्वांना वाटून द्या आणि मदतीचे गट दर सहा आठवड्यांनी नव्याने बांधा. ‘अ’ मधील मुलांच्या पालकांनीही हे प्रश्न विचारावेत. किंबहुना, त्यांनीच ते आधी विचारावेत.