साहेबांनी पान उलटलं आणि आमचं निवेदन संपलं

२०२५ च्या जूनमधली गोष्ट. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी नको, असं निवेदन घेऊन आम्ही सात-आठ पालक एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. निवेदन दीड पानाचं. त्यात हुतात्मे होते, 'कुटिल डाव' होता, 'मराठीचा गळा घोटण्याचं कारस्थान' होतं. आणि 'शासनाने हिंदी अनिवार्य केली आहे' हे वाक्य तीन वेळा होतं.

साहेब भला माणूस. बसा म्हणाले, चहा मागवला, निवेदन शेवटपर्यंत वाचलं. मग दोन कागद पुढे सरकवले.

पहिला १७ जूनचा शासन निर्णय. त्यात हिंदीसाठी 'अनिवार्य' हा शब्दच नव्हता. हिंदी 'सर्वसाधारणपणे' तिसरी भाषा असेल, आणि इयत्तेतल्या किमान वीस मुलांनी दुसरी भारतीय भाषा मागितली तर ती शिकवता येईल, असं त्यात होतं. आमचं सगळं निवेदन १६ एप्रिलच्या निर्णयावर बेतलेलं! दुसरा कागद राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधला, परिच्छेद ४.१२. दोन ते आठ या वयात मुलं भाषा फार लवकर उचलतात आणि अनेक भाषा येण्याचा बुद्धीला मोठा फायदा होतो, असं तिथं लिहिलेलं आहे. त्यावर बोट ठेवून साहेब म्हणाले, "याला तुमचं उत्तर काय?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. उत्तर नव्हतं असं नाही. ते आम्ही लिहिलंच नव्हतं.

पुढं २९ जूनला सरकारनं दोन्ही निर्णय मागे घेतले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आपण पेढे वाटले. पण मित्रांनो, रस्त्यावरच्या रेट्यानं निर्णय मागे जातो, मुद्दा मागे जात नाही. समिती आली की दोन्ही बाजू कागदावर मांडाव्या लागतात, आणि तिथं परिच्छेद ४.१२ पुन्हा समोर येतो. तेव्हा घोषणा कामाला येत नाहीत. प्रतिवाद लागतो. आणि स्पष्ट बोलतो, राग येऊ द्या: आपल्या बाजूला प्रतिवाद लिहायची सवयच राहिलेली नाही. आपण लिहितो ती शिवी. शिवी आपल्याच माणसांना आवडते, समोरच्याचा मुद्दा जागच्या जागी राहतो.

आपल्याकडची जुनी रीत वेगळी होती. शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष मांडायचे, म्हणजे समोरच्याचं म्हणणं. तेही असं की तो म्हणाला पाहिजे, "हो, हेच माझं म्हणणं." मग उत्तरपक्ष. ही रीत एका परिच्छेदात बसते. कशी, ते याच उदाहरणावर बघू.

पहिलं काम, समोरच्याचा सगळ्यात मजबूत मुद्दा निवडायचा. आम्ही निवडला होता तो सगळ्यात कच्चा: कुठल्या तरी पुढाऱ्याचं भाषणातलं वाक्य. त्याला झोडपणं सोपं, पण ते पडलं तरी धोरण उभंच राहतं. मजबूत मुद्दा ४.१२ मध्ये आहे. तो आकड्यानिशी सांगायचा, तारखेनिशी सांगायचा. तारीख का, ते साहेबांनी आम्हाला शिकवलं. १७ जूननंतर 'अनिवार्य' म्हणणाऱ्याला एका ओळीत खोटं पाडता येतं, आणि मग त्याचं बाकीचं खरंही कुणी ऐकत नाही.

दुसरं काम, त्यातलं खरं आहे ते कबूल करायचं. लहान मुलं कानावर पडलेली भाषा पटकन उचलतात, हे खरंच आहे. आपल्या गल्लीतली पोरं टीव्ही बघून हिंदी बोलतात, ते कसं नाकारणार? इथं आपले लोक घाबरतात. कबूल केलं म्हणजे हरलो असं वाटतं. उलट आहे. कबूल केल्यावर वाद नेमका कुठं आहे ते उघडं पडतं: भाषा कानावर पडणं वेगळं आणि पहिलीच्या वर्गात ती विषय म्हणून येणं वेगळं.

तिसरं काम, उत्तर. आणि पहिला पुरावा समोरच्याच्याच कागदातून काढायचा. साहेबांनी दाखवलेला परिच्छेद मी त्या रात्री घरी पूर्ण वाचला. डोक्याला हात लावला! त्याच ४.१२ मध्ये पुढं म्हटलंय की सुरुवातीच्या वर्षांत भर मातृभाषेवर असावा, वाचन आणि मग लेखन आधी मातृभाषेत व्हावं, आणि इतर भाषांचं वाचन-लेखन तिसरीपासून पुढं यावं. म्हणजे ज्या परिच्छेदानं आम्हाला गप्प केलं, त्याच्या पोटातच आमचं उत्तर होतं. आम्ही तो वाचला नव्हता. साहेबांनी अर्धा वाचून दाखवला. म्हणून सांगतो, कुणीही वाक्य तोंडावर फेकलं की त्याच्या आधीचं आणि नंतरचं वाक्य वाचल्याशिवाय उत्तर लिहायला बसू नका.

दुसरा पुरावा त्याच धोरणाच्या पुढच्या कागदातून. २०२३ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा पाचवीपर्यंत दोन भाषा धरतो आणि तिसरी सहावीपासून. आपल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दोन जागा भरल्या. "इंग्रजी चालते, मग हिंदी का नाही?" हा जो टोमणा आपल्याला मारतात, त्याचं उत्तर इथं आहे. इंग्रजी आधीच आहे म्हणूनच पहिलीत तिसरीला जागा नाही. हिंदी आपल्याकडे पाचवीपासून पिढ्यान्‌पिढ्या शिकवतात, त्यावर कोण रस्त्यावर उतरलं होतं?

तिसरा पुरावा बाहेरचा. स्पेनमध्ये शाळेत परभाषा सुरू करायचं वय खाली आणलं, तेव्हा बार्सिलोनाच्या संशोधकांनी आठव्या वर्षी आणि अकराव्या वर्षी इंग्रजी सुरू केलेल्या मुलांची तुलना केली. कार्मेन मुन्योझ यांनी संपादित केलेलं ते काम २००६ साली पुस्तकरूपात आलं. तितकेच तास शिकल्यावर उशिरा सुरू करणारी मुलं बहुतेक चाचण्यांत पुढं होती. आठवड्याला मोजके तास मिळणाऱ्या वर्गात 'जितकं लवकर तितकं चांगलं' हे आपोआप खरं ठरत नाही.

चौथं काम सगळ्यात अवघड: आपल्या पुराव्याची हद्द सांगायची. बार्सिलोनाची मुलं इंग्रजी शिकत होती. मराठी मुलाला हिंदी तितकी परकी नाही, लिपीही तीच. हे आपण सांगितलं नाही तर समोरचा सांगणार, आणि मग आपण लपवत होतो असं दिसणार.

आमच्या दुसऱ्या मसुद्यात दोन चुका होत्या, त्याही सांगतो.

एक, आम्ही 'असर' अहवालाचा आकडा घातला होता. २०२४ च्या त्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी सुमारे २७ टक्केच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. त्याखाली आम्ही लिहिलं, "यावरून सिद्ध होते की हिंदीमुळे मुलांचे नुकसान होईल." कसं काय सिद्ध होतं? त्या पाहणीनं हिंदीचा परिणाम मोजलेलाच नाही. त्या आकड्यातून इतकंच निघतं की पहिल्या भाषेतलं वाचनच अजून कच्चं आहे. तेवढंच लिहायचं.

दोन, धोरणाच्या ४.१३ मध्ये कुठल्याही राज्यावर भाषा लादली जाणार नाही असं आहे, ते आम्ही हुकमाचं पान म्हणून टाकलं होतं. आमच्यातल्या एका निवृत्त गुरुजींनी विचारलं, "अरे, पण इथं राज्यानंच ठरवलंय ना? मग राज्यावर लादलं कुणी?" बरोबर होतं. तो पुरावा दिल्लीला उत्तर देतो, मंत्रालयाला नाही. तो काढला.

शेवटी परिच्छेद असा झाला:

"राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या परिच्छेद ४.१२ नुसार दोन ते आठ या वयात मुले भाषा लवकर आत्मसात करतात. म्हणून पहिलीपासून तिसरी भाषा द्यावी, असे समर्थकांचे म्हणणे आहे. लहान मुले ऐकून भाषा शिकतात, हे आम्हांस मान्य आहे. परंतु त्याच परिच्छेदात वाचन-लेखन आधी मातृभाषेत आणि इतर भाषांत तिसरीपासून पुढे, असे म्हटले आहे. आणि २०२३ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा तिसरी भाषा सहावीपासून धरतो. मराठी शाळांत पहिलीपासून मराठी व इंग्रजी या दोन भाषा आहेतच. बार्सिलोना येथील अभ्यासात समान तासांनंतर उशिरा सुरुवात करणारी मुले बहुतेक चाचण्यांत पुढे आढळली. तो अभ्यास इंग्रजीचा असल्याने हिंदीला जसाच्या तसा लागू होणार नाही, पण लवकर सुरुवात म्हणजे हमखास लाभ, हे गृहीतक त्याने डळमळते. म्हणून आमचा विरोध हिंदीला नाही, पहिलीतल्या तिसऱ्या विषयाला आहे. हिंदी पूर्वीप्रमाणे पाचवीपासून असावी."

एवढंच. यात कारस्थान नाही, गळा घोटणं नाही. पण आता साहेबांनी पान उलटलं तर पुढचं पान आपलंच आहे.

कुणी म्हणेल, निर्णय तर रस्त्यावरच्या ताकदीनं फिरला, तुमच्या परिच्छेदानं नाही. मान्य. ताकद नसती तर समितीही नेमली नसती. पण ताकदीनं दार उघडल्यावर आत जाऊन काय सांगणार? दीड पान शिव्या घेऊन आत गेलेल्यांची काय गत होते, ते मी त्या कार्यालयात चहा पिता पिता बघितलंय.

कुणाला हे पटलं नसेल तर जरूर उत्तर द्यावं. फक्त माझं म्हणणं आधी नीट मांडा, मग खोडा. पुराव्यानं खोडलंत तर मी जाहीर मान्य करीन.