डॅफमध्ये बाबासाहेब लपवायचे का?

यूपीएससीच्या मुख्य परीक्षेचा निकाल लागला की मुलाखतीपर्यंत हातात काही आठवडेच उरतात. याच काळात आमच्या पोरांना एक सल्ला हमखास मिळतो : 'चळवळीचं काही बोलू नका, बोर्ड बिथरेल.' मग वस्तीतल्या विहारात तीन वर्षं अभ्यासिका चालवणारा मुलगा डॅफमध्ये, म्हणजे सविस्तर अर्जात, छंद म्हणून 'वाचन' एवढंच लिहितो. आम्हाला हा सल्ला मान्य नाही. तो भित्रा आहेच, शिवाय गुणांच्या हिशेबातही तोट्याचा आहे.

मुलाखत २७५ गुणांची असते आणि तिला किमान गुणांची अट नाही. लेखी परीक्षेत किती गुण पडले हे बोर्डाला ठाऊक नसतं. समोर असतो तुमचा अर्ज, आणि बरेचसे प्रश्न त्यातूनच निघतात. 'वाचन' लिहिलं की शेवटचं पुस्तक कोणतं, हा प्रश्न येतो आणि तयारीचं ठोकळेबाज उत्तर दिलं जातं. 'अभ्यासिका चालवणे' लिहिलं तर प्रश्न येतील : मुलं किती, वीजबिल कोण भरतं, मुली संध्याकाळी का थांबत नाहीत, नगरपालिकेकडे काय मागितलंत? ही उत्तरं फक्त त्याच्याकडेच आहेत. प्रशासन म्हणजे याहून वेगळं काय असतं? आधी मोघम लिहून बसला असाल, तरी बोलण्याच्या ओघात ते काम सांगायला कुणाची बंदी नाही.

खरी तयारी लागते ती टोचणाऱ्या प्रश्नांसाठी. एक नमुना घेऊ : 'आरक्षण तर दहा वर्षांसाठीच होतं ना?' इथे आवाज चढवणारे अडकतात आणि 'हो सर' म्हणून मान डोलावणारे त्याहून जास्त अडकतात. दहा वर्षांची मुदत कलम ३३४ मध्ये आहे. ती लोकसभा आणि विधानसभांमधल्या राखीव जागांसाठी होती. संसदेने ती वेळोवेळी वाढवली आणि १०४ व्या घटनादुरुस्तीने २०३० पर्यंत नेली. नोकऱ्यांबाबतचं कलम १६(४) मुदत सांगत नाही. पुरेसं प्रतिनिधित्व नाही, हा तिथला निकष आहे. एवढं चार वाक्यांत, शांतपणे सांगायचं आणि थांबायचं. पुढचा प्रश्न बहुधा 'मग कधी थांबावं?' असाच असतो. त्यावर स्वतःचं मत हवं, पाठ केलेलं भाषण नको.

१ ऑगस्ट २०२४ च्या उपवर्गीकरणाच्या निकालाचंही तसंच. सहा विरुद्ध एक अशा त्या निकालात न्या. बेला त्रिवेदींचं भिन्नमत काय होतं, हे विरोध करणाऱ्यांनी वाचलेलं असावं. आणि आपल्याच आतल्या मागे राहिलेल्या जातींचं म्हणणं काय, हेही.

मॉक मुलाखती जरूर द्या, पण सगळ्याच आपल्याच माणसांसमोर नकोत. टोचणारा प्रश्न आपला माणूस विचारतच नाही. आणि मुख्य परीक्षा मराठीत लिहिली असेल तर मुलाखतही मराठीत देता येते. इंग्रजीच्या दडपणाखाली तो हक्क सोडण्याआधी दोन मॉक दोन्ही भाषांत देऊन पाहा.