सूचनाफलकावरील दया

शाळेच्या सूचनाफलकावर लागणाऱ्या कागदाची चिकित्सा करण्याची आपल्याकडे प्रथा नाही. परंतु संस्थेचे मन जितके त्या कागदात उघडे पडते तितके ते वार्षिक अहवालातही पडत नाही. अहवाल विचारपूर्वक लिहिला जातो. सूचना सवयीने लिहिली जाते. म्हणूनच दिव्यांग विद्यार्थ्यांविषयी शाळा काय समजते हे पाहावयाचे असेल, तर तिचे ध्येयवाक्य वाचू नये, तिची सूचना वाचावी.

खाली दिलेला मसुदा कोणत्याही एका शाळेचा नाही. मात्र त्यातील एकेक शब्द आपल्या गावातील एखाद्या फलकावर वाचकांनी पाहिला असेल.

“सर्व पालकांस कळविण्यात येते की, अपंगत्वाने ग्रस्त अशा दुर्दैवी बालकांनाही शाळा सहानुभूतिपूर्वक प्रवेश देणार आहे. मतिमंद, मूकबधिर व व्हीलचेअरला खिळलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत शक्य ती सवलत देण्यात येईल. सामान्य विद्यार्थ्यांनी त्यांच्याशी दयाबुद्धीने वागावे. स्नेहसंमेलनात व्यंगावर मात करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा सत्कार होईल.”

हे लिहिणारा मुख्याध्यापक दुष्ट नाही. तो बहुधा सज्जनच आहे आणि नेमकी तीच अडचण आहे. त्याचा कागद मायेने ओथंबलेला आहे, पण त्यातून पालकाच्या हाती एकही उपयुक्त गोष्ट लागत नाही. अर्ज कोठे करावा? परीक्षेत काय मिळेल? कोणाच्या अधिकाराने मिळेल? मूल वर्गापर्यंत पोहोचेल कसे? या प्रत्येक प्रश्नाच्या जागी एकेक हळवा शब्द बसविलेला आहे. आमचे म्हणणे एवढेच आहे की दयेचा शब्द बहुतेक वेळा वस्तुस्थितीची जागा अडवून बसतो. तो उचलला की खाली काय आहे, किंवा काय नाही, ते दिसू लागते.

पहिले वाक्य घ्या. ‘ग्रस्त’ आणि ‘दुर्दैवी’ हे शब्द मुलाविषयी काही सांगत नाहीत. लिहिणाऱ्याला त्या मुलाकडे पाहून काय वाटते तेवढेच ते सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ रोजी निपुण मल्होत्रा यांच्या प्रकरणात दिव्यांग व्यक्तींच्या चित्रणाविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांत ‘ग्रस्त’, ‘पीडित’, ‘बळी’ अशा अर्थाची भाषा टाळावी असे म्हटले आहे. कारणही दिले आहे : अशी भाषा सारा दोष व्यक्तीच्या शरीरात पाहते आणि समाजाने उभे केलेले अडथळे नजरेआड करते. तो निर्णय चित्रपटासंबंधी होता, पण त्यामागचा विचार शाळेच्या फलकालाही लागू पडतो.

‘सहानुभूतिपूर्वक प्रवेश’ हे तर सरळसरळ चुकीचे विधान आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. त्याच्या कलम १६ नुसार शासनमान्य शाळेत भेदभाव न करता प्रवेश मिळाला पाहिजे. कलम ३१ नुसार ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या, सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जे हक्काने मिळते त्याला सहानुभूती म्हणणे म्हणजे सावकाराने कुळाला त्याचीच जमीन मेहरबानी म्हणून कसू देण्यासारखे आहे.

दुसऱ्या वाक्यातील तीन विशेषणे अनादराची तर आहेतच, शिवाय ती खोटीही आहेत. ‘मूकबधिर’ हा शब्द पाहा. बहुतेक कर्णबधिर मुलांच्या वाचायंत्रात काहीही दोष नसतो. ऐकू न आल्यामुळे बोली भाषा आपोआप शिकता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि खुणांची भाषा लहानपणी मिळाली तर ते मूल एका पूर्ण भाषेचा धनी असते. त्याला ‘मुके’ म्हणणारा आपल्याला त्याची भाषा येत नाही हे लपवीत असतो. ‘कर्णबधिर’ हा शब्द नेमका आहे, तो वापरावा. ‘मतिमंद’ या शब्दाने मुलाच्या साऱ्या बुद्धीवर एकच शिक्का बसतो. ‘बौद्धिक अक्षमता असलेला विद्यार्थी’ असे म्हटल्याने विद्यार्थी विद्यार्थीच राहतो. एखाद्या जुन्या संस्थेच्या नोंदणीकृत नावात तो शब्द असेल, तर नावाचा उल्लेख करताना तो बदलता येणार नाही. पण मुलाचे वर्णन करताना त्याची गरज नाही. आणि व्हीलचेअरला कोणी खिळलेला नसतो. ती खुर्ची त्याला फिरवते. खिळवून ठेवतात त्या जिन्याच्या पायऱ्या. ‘व्हीलचेअर वापरणारा विद्यार्थी’ हे साधे वर्णन सत्य आहे आणि पुरेसे आहे.

आता ‘शक्य ती सवलत’. या तीन शब्दांत मुलाचे वर्ष वाया जाऊ शकते. काय शक्य आहे हे कोण ठरविणार? केंद्र शासनाने २९ ऑगस्ट २०१८ रोजी काढलेल्या लेखी परीक्षांच्या मार्गदर्शक सूचनांत लेखनिक घेण्यास पात्र असलेल्या विद्यार्थ्याला दर तासामागे किमान वीस मिनिटे भरपाईचा वेळ सांगितला आहे. म्हणजे तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेला एक तास. तेथे ‘सवलत’ हा शब्दसुद्धा चूक आहे. जो वेळ अक्षरे चाचपण्यात किंवा लेखनिकाला सांगण्यात जातो, त्याची ती भरपाई आहे. फलकावर ‘एक तास’ असे लिहिले की पालकाला तो मागता येतो. ‘शक्य ती’ असे लिहिले की त्याला विनवणी करावी लागते.

येथेच एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर असा उमेदवार होता की, लिहिताना ज्याचा हात आखडत असे आणि ज्याचे दिव्यांगत्व वैद्यकीय तपासणीत केवळ सहा टक्के भरले होते. चाळीस टक्के नाहीत म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. याचा फलकापुरता अर्थ असा की, सूचनेत दिव्यांगत्वांची यादी देण्याचे पुष्कळदा कारणच नसते. ‘ज्या विद्यार्थ्यास दिव्यांगत्वामुळे लिहिणे अवघड जाते’ एवढे म्हटले की ज्याचा प्रश्न आहे तो पुढे येतो, आणि कोणाच्याही निदानाची चारचौघांत वाच्यता होत नाही.

‘सामान्य विद्यार्थ्यांनी दयाबुद्धीने वागावे’ या वाक्याने तर शाळाच वर्गाची दोन जातींत वाटणी करते. फरक सांगणे आवश्यकच असेल तेथे ‘दिव्यांग नसलेले विद्यार्थी’ म्हणावे. पण या वाक्याची दुरुस्ती करू नये, ते काढून टाकावे. वर्गमित्राला दया दाखविण्याचा हुकूम मिळालेली मुले त्याच्याशी खेळणार कशी आणि भांडणार कशी? सत्काराचेही तसेच. त्या विद्यार्थ्याने चित्रकलेत किंवा गणितात पारितोषिक मिळविले असेल तर तेच लिहावे. केवळ रोज शाळेत येतो म्हणून त्याला हार घालणे म्हणजे इतरांनी आपल्या धडधाकटपणाचा उत्सव करणे होय.

यावर काही मंडळी म्हणतील, “‘अपंग’ काढून ‘दिव्यांग’ घातले की काम झाले.” झाले नाही. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी हा शब्द पुरस्कारिला तेव्हा अनेक दिव्यांग संघटनांनीच त्याला विरोध केला होता, आणि २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीनेही तो वादग्रस्त असल्याची नोंद केली. महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. १९३८ च्या जानेवारीत मुंबई विधानसभेत ‘हरिजन’ या नावाविरुद्ध डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी सभात्याग करून बाहेर पडले होते. वरून बहाल केलेल्या दैवी नावाने माणसाचे स्थान बदलत नाही, हाच तो वाद होता. आज कायद्याच्या आणि प्रमाणपत्राच्या मराठी भाषेत ‘दिव्यांग’ रूढ आहे, म्हणून कागदपत्राचा संबंध येईल तेथे तो वापरावा लागेल. आम्हीही येथे तो त्याच कारणाने वापरला आहे. मात्र एखाद्या विद्यार्थ्याविषयी बोलताना तो आणि त्याचे पालक कोणता शब्द वापरतात हे त्यांनाच विचारावे.

दुसरा आक्षेप आमच्याच मित्रांचा आहे : “शब्दांचे काय घेऊन बसलात? आधी रॅम्प बांधा.” आक्षेप प्रामाणिक आहे, पण त्याने कामाची दोन टोके उगाच तोडली जातात. सूचना वस्तुनिष्ठ करावयास बसा, म्हणजे रॅम्पचा प्रश्न आपोआप टेबलावर येतो. ‘आमची शाळा सर्वांचे प्रेमाने स्वागत करते’ हे वाक्य लिहिण्यास रॅम्प लागत नाही. ‘फाटकापासून वर्गापर्यंत रॅम्प आहे’ हे लिहिण्यास तो असावा लागतो. आणि असेल तर मोजावाही लागतो. रॅम्पचा उतार बारास एक यापेक्षा तीव्र असू नये. पंधरा सेंटीमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर चढण पंचेचाळीस सेंटीमीटरची, आणि रॅम्पची लांबी किमान पाच मीटर चाळीस सेंटीमीटर हवी. दीड मीटरची फळी टाकून ‘सोय केली आहे’ असे लिहिणारी शाळा व्हीलचेअर उलटण्याची सोय करीत असते. जेथे वस्तुस्थिती लिहिता येत नाही, तेथे शब्द सुचत नसतो असे नव्हे. तेथे व्यवस्थाच नसते.

तर मग तीच सूचना अशी लिहिता येईल :

“सर्व मुलांचे प्रवेश-अर्ज कार्यालयात एकाच खिडकीवर स्वीकारले जातील. दिव्यांगत्वाच्या कारणाने प्रवेश नाकारला जाणार नाही. ज्या विद्यार्थ्यास दिव्यांगत्वामुळे लेखनिक, जादा वेळ किंवा मोठ्या अक्षरातील प्रश्नपत्रिका आवश्यक आहे, त्याच्या पालकांनी परीक्षेपूर्वी एक महिना वर्गशिक्षकांकडे अर्ज द्यावा. भरपाईचा वेळ दर तासास वीस मिनिटे राहील. मागील फाटकापासून तळमजल्यावरील वर्गांपर्यंत रॅम्प आहे. ते फाटक शाळेच्या वेळेत उघडे राहील. वरच्या मजल्यावर लिफ्ट नाही, म्हणून व्हीलचेअर वापरणाऱ्या विद्यार्थ्याची तुकडी तळमजल्यावर बसेल. पालकसभेत खुणांच्या भाषेचा दुभाषी हवा असल्यास आठ दिवस आधी कळवावे. अर्जातील वैद्यकीय माहिती गोपनीय राहील.”

या मसुद्यात एकही गोड शब्द नाही. ‘लिफ्ट नाही’ अशी एक कबुली मात्र आहे, आणि ती ‘सहानुभूतिपूर्वक’ या शब्दापेक्षा अधिक आदराची आहे. कारण तीत पालकाला निर्णय करण्याजोगी माहिती दिलेली आहे. शिवाय पहिल्या मसुद्यातील एकही वचन मोडता येत नव्हते, कारण ते वचनच नव्हते. या मसुद्यातील प्रत्येक वाक्य मोडता येते आणि मोडले की दिसते. फाटकाला कुलूप असेल, वीस मिनिटांऐवजी दहाच मिळाली, दुभाषी आला नाही, तर पालक हाच कागद हातात घेऊन मुख्याध्यापकांच्या दारात उभा राहू शकतो.

पालक-शिक्षक संघाच्या सदस्यांनी येत्या सभेत आपल्या शाळेची सूचना मागून घ्यावी आणि तिच्यातील हळव्या शब्दांखाली रेघा ओढाव्यात. मग एकेका शब्दासाठी विचारावे : याच्या जागी कोणती खोली, किती मिनिटे, कोणाची जबाबदारी? उत्तर मिळाले तर ते फलकावर लिहावे. उत्तर मिळाले नाही, तर सभेपुढचा पहिला विषय तोच ठरवावा.