१२ लाखांच्या वर १८ हजार गेले, तर कर किती? ‘करमुक्त’ शब्दामागचे गणित

‘१२ लाखांपर्यंत करमुक्त’ हे वाक्य १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर घराघरांत पोहोचले. पगारदारांसाठी त्यात ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळवली की आकडा १२ लाख ७५ हजारांवर जातो. हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यात असलेल्या गोरेगावसारख्या गावातही ज्येष्ठ शिक्षक, बँक कर्मचारी किंवा दोन-अडीच दशके नोकरी झालेले सरकारी कर्मचारी आता याच आकड्याच्या आसपास आहेत. प्रश्न त्यांचाच आहे. १२ लाखांच्या आत असलेल्याला काही भरायचे नाही आणि २० लाखांवाल्याला किती भरायचे ते माहीत आहे. गोंधळ होतो तो रेषेवरून थोडे पुढे गेलेल्याचा.

मुळात ‘करमुक्त’ हा शब्दच दिशाभूल करणारा आहे. नव्या करप्रणालीत खरोखर करमुक्त उत्पन्न फक्त पहिल्या ४ लाखांचे. त्यापुढे ८ लाखांपर्यंत ५ टक्के, १२ लाखांपर्यंत १० टक्के आणि १६ लाखांपर्यंत १५ टक्के असा कर लागतोच. १२ लाखांवर तो नेमका ६० हजार होतो. मग आयकर कायद्याचे कलम ८७ए म्हणते, एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर हा कर, कमाल ६० हजारांपर्यंत, माफ. म्हणजे कर आधी बसतो आणि नंतर सोडला जातो. या सवलतीला रिबेट म्हणतात. ती फक्त भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला मिळते; हिंदू अविभक्त कुटुंबाच्या नावाने भरलेल्या विवरणपत्रात मिळत नाही. आणि कर शून्य झाला तरी उत्पन्न ४ लाखांच्या वर असल्याने विवरणपत्र भरावे लागतेच.

रेषा कशी ओलांडली जाते

आता एक उदाहरण घेऊ. समजा, गोरेगावातील एका शिक्षकाचा २०२५-२६ या आर्थिक वर्षातील ढोबळ पगार १२ लाख ७२ हजार रुपये आहे. ७५ हजार वजा केले की उरतात ११ लाख ९७ हजार. कार्यालयाने हिशेब केला, रिबेट धरला आणि वर्षभर पगारातून एक रुपयाही टीडीएस कापला नाही. फॉर्म १६ वर कर शून्य. गुरुजी निर्धास्त.

पण त्यांच्या मुदत ठेवीवर वर्षभरात १८ हजार रुपये व्याज जमा झाले आहे आणि बचत खात्यावर ३ हजार ४०० रुपये. जुन्या करप्रणालीत बचत खात्याच्या व्याजाला १० हजारांपर्यंत वजावट होती, नव्या प्रणालीत नाही. महाराष्ट्रात पगारातून वर्षाला कापला जाणारा अडीच हजारांचा व्यवसाय करही नव्या प्रणालीत वजा होत नाही. अनेक जण सवयीने तो वजा धरतात. त्यामुळे एकूण उत्पन्न झाले १२ लाख १८ हजार ४०० रुपये. रेषेपेक्षा १८ हजार ४०० रुपये जास्त.

कलम ८७ए मध्ये फक्त ‘१२ लाखांपर्यंत माफी’ एवढेच असते, तर या गुरुजींचा सगळा रिबेट गेला असता. १२ लाखांवरचे ६० हजार आणि वरच्या १८ हजार ४०० वर १५ टक्क्यांनी २ हजार ७६०, असा ६२ हजार ७६० रुपये कर बसला असता. २१ हजारांच्या व्याजापायी ६२ हजारांचा कर. हे अन्यायाचे आहे, म्हणूनच मार्जिनल रिलीफ, म्हणजे सीमांत सवलत आली.

तिचा नियम एका वाक्याचा आहे: १२ लाखांच्या वर जेवढे उत्पन्न आहे, त्यापेक्षा कर जास्त असता कामा नये. गुरुजींचे वरचे उत्पन्न १८ हजार ४००, म्हणून कर १८ हजार ४००. उरलेले ४४ हजार ३६० रुपये सीमांत सवलत म्हणून कमी होतात. त्यावर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर, म्हणजे ७३६ रुपये. एकूण १९ हजार १३६. दहाच्या पटीत केल्यावर १९ हजार १४० रुपये भरायचे.

६२ हजारांऐवजी १९ हजार ही मोठी सुटका आहे, हे मान्य. पण बारकाईने पाहिले तर १२ लाखांवरचा प्रत्येक रुपया करात गेला आहे, आणि उपकर खिशातून गेला आहे. उपकर हा सवलत दिल्यानंतर उरलेल्या करावर लागतो, त्यामुळे या पट्ट्यात एक रुपया जास्त मिळवला की १ रुपया ४ पैसे भरावे लागतात. नेमके १२ लाख उत्पन्न असलेल्याच्या हाती पूर्ण १२ लाख राहतात. १२ लाख ७० हजारवाल्याला ७० हजार कर आणि २ हजार ८०० उपकर भरून ११ लाख ९७ हजार २०० उरतात. जास्त कमावून कमी हाती. रक्कम मोठी नाही, पण ‘सवलत असल्याने जास्त उत्पन्नवाल्याचे नुकसान होत नाही’ हे विधान उपकरापुरते खोटे ठरते. वरच्या मर्यादेत उपकर धरला असता, तर हे टळले असते.

हा पट्टा संपतो सुमारे १२ लाख ७० हजार ५८८ रुपयांवर. तिथे नेहमीचा कर आणि वरचे उत्पन्न सारखे होते. त्यापुढे सवलत शून्य आणि नेहमीचे दर लागू. पगारदारासाठी प्रमाणित वजावटीसह हा आकडा साधारण १३ लाख ४५ हजार ५८८ च्या ढोबळ पगाराशी जुळतो.

गुरुजींना खरा चटका मात्र वेगळीकडे बसतो. मुदत ठेवीवरचे व्याज वर्षाला ५० हजारांच्या आत असेल, तर बँक साठीखालच्या ठेवीदाराचा टीडीएस कापत नाही. कार्यालयानेही कापलेला नाही. म्हणजे पूर्ण १९ हजार १४० रुपये विवरणपत्र भरताना एकदम द्यायचे. शिवाय वर्षाचा कर १० हजार किंवा त्याहून जास्त निघत असल्याने तो आगाऊ भरायला हवा होता. न भरल्याने १ एप्रिलपासून दरमहा १ टक्का व्याज लागते, आणि हप्ते चुकल्याचे वेगळे. हे टाळायचे तर वर्ष संपण्याआधी व्याजाचा अंदाज कार्यालयाला लेखी कळवता येतो, कार्यालय पगारातून कापून घेते. मार्चमध्ये १२ लाखांच्या आत येण्यासाठी विमा पॉलिसी घेणे किंवा पीपीएफमध्ये पैसे टाकणे मात्र निरुपयोगी, कारण नव्या प्रणालीत ८०सी नाही.

बँकेने कर कापला नाही म्हणजे व्याज कोणाला दिसत नाही, असेही नाही. आयकर पोर्टलवरच्या एआयएसमध्ये, म्हणजे वार्षिक माहिती विवरणात, ते सहसा दिसते. फॉर्म १६ वरून विवरणपत्र भरण्याआधी ते उघडून पाहावे.

हळदीचे पैसे करमुक्त, तरीही…

हिंगोली जिल्ह्यात पगारदाराच्या घरी शेती असणे नवलाचे नाही, आणि शेतात हळद असणे तर मुळीच नाही. शेती उत्पन्नावर आयकर नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण ते दुसऱ्या उत्पन्नावरच्या कराचा दर ठरवायला धरले जाते, हे फार थोड्यांना माहीत असते. निव्वळ शेती उत्पन्न ५ हजारांच्या वर आणि इतर उत्पन्न ४ लाखांच्या वर असेल, तर हा हिशेब करावाच लागतो.

समजा, वजावटीनंतर पगार ११ लाख ५० हजार आणि लागवड, काढणी, शिजवणे, पॉलिश असा सगळा खर्च वजा जाता हळदीचे २ लाख उरले. आधी दोन्हींची बेरीज, साडेतेरा लाख, त्यावर कर ८२ हजार ५००. मग मूळ ४ लाखांत हळदीचे २ लाख मिळवून ६ लाखांवरचा कर, १० हजार, वजा. उरले ७२ हजार ५००. शेती उत्पन्न एकूण उत्पन्नात मोजले जात नसल्याने रिबेटसाठी हे गृहस्थ ११ लाख ५० हजारांचेच, म्हणजे पात्र. पण रिबेटची कमाल ६० हजार. राहिले १२ हजार ५००, उपकरासह १३ हजार रुपये. रेषेच्या पन्नास हजार आत असूनही!

हळद थोडी असेल तर हा फटका बसत नाही. पगार ११ लाख आणि हळदीचे ५० हजार असतील, तर कर ५२ हजार ५०० निघतो आणि रिबेटमध्ये पूर्ण जातो. खूण एकच: असा हिशेब करून कर ६० हजारांच्या वर जातो का, ते पाहायचे. शिवाय शेती उत्पन्न ५ हजारांच्या वर असेल तर आयटीआर-१ चालत नाही, पगारदाराने आयटीआर-२ भरायचा. पॉलिशवाल्याची आणि अडतीची पावती, मोंढ्यातली पट्टी जपून ठेवावी. खर्च दाखवता आला नाही तर सगळी विक्री उत्पन्न धरली जाण्याचा धोका असतो.

शेअरचा नफा आणि मुंबई उच्च न्यायालय

तिसरी अडचण मोबाइलवर शेअर घेणाऱ्यांची. शेअरवरच्या अल्पकालीन नफ्याला २० टक्क्यांचा विशेष दर आहे. यावर रिबेट मिळतो का, हा वाद पूर्वीच्या वर्षांसाठी बराच रंगला. ५ जुलै २०२४ पासून विभागाच्या विवरणपत्र प्रणालीने असा रिबेट मागणेच बंद केले. त्याविरुद्ध चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स ही संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाच्या अंतरिम आदेशानंतर विलंबित आणि सुधारित विवरणपत्रांची मुदत १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढली, आणि त्याच महिन्यातल्या निकालात न्यायालयाने सांगितले की करदात्याला मागणी करण्यापासून सॉफ्टवेअर अडवू शकत नाही. ती मागणी मान्य होते की नाही, हा पुढचा प्रश्न.

२०२५-२६ पासून मात्र संसदेने वाद मिटवला आहे: विशेष दराच्या करावर नव्या प्रणालीत रिबेट नाही. वजावटीनंतर पगार साडेअकरा लाख आणि अल्पकालीन नफा ४० हजार असेल, तर पगारावरचा ५५ हजारांचा कर पूर्ण माफ होतो. नफ्यावरचे ८ हजार आणि ३२० रुपये उपकर भरावे लागतात. १२ लाखांची रेषा मोजताना हे ४० हजारही धरले जातात, हे लक्षात ठेवायचे.

सीमांत सवलत नेहमी होती असे नाही. रिबेट २०१३ मध्ये आला. नव्या प्रणालीत ७ लाखांची मर्यादा आली तेव्हा, २०२३ चे वित्त विधेयक मंजूर होताना सीमांत सवलत त्यात घातली गेली. जुन्या प्रणालीत ती आजही नाही. तिथे मर्यादा ५ लाख आणि रिबेट १२ हजार ५००. उत्पन्न ५ लाख १० रुपये झाले की उपकरासह १३ हजारांच्या घरात कर लागतो, दहा रुपयांसाठी. जुन्या प्रणालीतला हा करदाता सगळ्यात कमी उत्पन्नाचा आहे आणि सगळ्यात उंच कडा त्याच्याच वाट्याला आला आहे.