दोन टिकांची रात्र

कवठे महांकाळ, तासगाव, खानापूर, आटपाडी या भागातली माणसे दोन-तीन पिढ्यांपासून गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. पूर्वी तिकडून पत्र यायला आठवडा लागायचा. काळजी तेव्हाही वाटायची. पण धाडलेले पत्र मुलाने फोडले की तसेच उशाशी ठेवले, हे गावाकडच्या आईला कळायची सोय नव्हती. आता ती सोय झाली आहे आणि नवा त्रास तिथूनच सुरू झाला आहे.

एक उदाहरण घ्यावे. मुलगा कोइमतूरला गलाईच्या दुकानात. रात्री सव्वानऊला आई मेसेज टाकते, ‘जेवलास का?’ दोन राखाडी टिक उमटतात. पावणेअकराला त्याच्या नावाखाली ‘ऑनलाइन’ दिसते, पण टिक निळ्या होत नाहीत. अकराला ‘लास्ट सीन’ची वेळ दिसते. सगळ्यांशी बोलतो, आपल्यालाच टाळतो, असे आईच्या मनात येते. मग बारा वाजेपर्यंत फोन वीसदा उघडला जातो.

या खुणा प्रत्यक्षात फार थोडे सांगतात. दोन राखाडी टिक म्हणजे मेसेज त्याच्या फोनवर पोचला, एवढेच. ‘ऑनलाइन’ म्हणजे त्याच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप उघडे आहे आणि इंटरनेट चालू आहे. तो दुकानातल्या ग्रुपवर उद्याच्या मालाचे बघत असेल. वरच्या पट्टीत दिसणारी सूचना वाचली तर मेसेज वाचूनही टिक निळी होत नाही. उलट, आधीच उघड्या राहिलेल्या चॅटमध्ये मेसेज आला तर त्याकडे लक्ष गेले नसले तरी टिक निळी होऊ शकते. म्हणजे या खुणा यंत्राची अवस्था दाखवतात, माणसाच्या मनाची नाही. आईने मात्र त्यांत मुलाचा राग वाचला.

असे का होते, याचा एक धागा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या २०१६च्या प्रयोगात सापडतो. संगणकावरच्या खेळात दगडाखाली साप आहे का, हे ४५ जणांनी ओळखायचे होते. साप निघाला की हाताला विजेचा झटका. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोजल्या, तेव्हा सर्वाधिक ताण झटका नक्की बसणार असताना नव्हे, तर बसेल की नाही याची शक्यता निम्मी-निम्मी असताना आढळला. मेसेज गेला आहे, माणूस दिसतो आहे आणि उत्तर मात्र नाही, ही अवस्था नेमकी तशीच अधांतरी आहे.

त्यात फोन बघण्याची सवय भर घालते. एकदा बघितले की क्षणभर बरे वाटते, म्हणून मन पुन्हा तेच मागते. कधीतरी खरेच उत्तर आलेले असते, त्यामुळे सवय आणखी घट्ट होते. दर वेळी बघून सुटका करून घेतली तर न बघताही काळजी ओसरते, हा अनुभव मनाला मिळतच नाही.

म्हणून उपाय बघण्यावरच करावा लागतो. ‘Settings’मधल्या ‘Privacy’त ‘Last seen and online’ आणि ‘Read receipts’ असे पर्याय आहेत. आपले लास्ट सीन आणि निळ्या टिक बंद केल्या की समोरच्याचेही दिसत नाहीत. अनेकांना ही अट जाचक वाटते. काळजीने ग्रासलेल्यासाठी तीच कामाची आहे. ग्रुपमध्ये मात्र वाचल्याची खूण जातेच, आणि आवाजी निरोप ऐकल्याचीही.

तरी सेटिंग बदलून फोन उघडण्याची ओढ एका दिवसात जात नाही. ओढ आली की लगेच न उघडता आधी दहा मिनिटे थांबावे, चार दिवसांनी वीस. सुरुवातीला धडधड वाढते. उपाय चुकतो आहे असे समजून इथेच बरेच जण सोडून देतात. ती धडधड थोड्या वेळाने आपोआप उतरते, आणि उतरलेली अनुभवणे हाच उपचाराचा गाभा आहे. ‘का उत्तर देत नाहीस?’ असा दुसरा मेसेज टाकणे हेही बघण्यातच धरावे.

दोन आठवडे झोप मोडत असेल, जेवण जात नसेल, कामात चित्त लागत नसेल, तर प्रश्न टिकांपुरता राहिलेला नाही. अशा वेळी सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. तिथे मराठीत बोलता येते.

आणि मुलानेही एक करावे. रात्री दुकान बंद करताना ‘जेवलो’ एवढा एक शब्द रोज ठरल्या वेळी टाकावा, आणि उशीर होणार असेल तर तेही दुपारीच कळवावे. तातडीचे काही असेल तर दोघांनीही मेसेज न करता सरळ फोन लावायचा, हे आधीच बोलून ठेवावे.