ताप आला की आधी दिवस मोजा



भादव्यात आपल्या पाड्यावरची एक टोळी बारामतीला लागून असलेल्या जळोचीला कामाला गेली होती. उसाची खुरपणी, भाजीची तोडणी, बाजारात पोती उचलणं, जे मिळेल ते. राहायला पत्र्याचं शेड आणि दारात पाण्याची चार पिंपं. तिथं एका आठवड्यात तिघांना ताप आला. जवळच्या एका खाजगी दवाखान्यात तिघांनाही एकच उत्तर मिळालं, "व्हायरल आहे, सगळीकडे चालू आहे." तिघांना एकच सुई दिली, एकाच रंगाच्या गोळ्या दिल्या. रक्ताचा थेंब कुणाचाच घेतला नाही.

पुढं कळलं की तिघांचे ताप तीन वेगळे होते. एकाला फ्लू, एकीला डेंग्यू आणि एकाला मलेरिया म्हणजे आपला हिवताप. आमचं म्हणणं एवढंच आहे की "व्हायरल" हे रोगाचं नाव नाही. पावसाळ्यात हे तिन्ही ताप एकाच वेळी फिरत असतात. फ्लू थंडीतच येतो असं काही जण म्हणतात, पण 2009 साली देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यातच झाला आणि तो भर पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये.

मग ओळखायचं कसं? अंग दुखणं, डोकं दुखणं, कणकण हे तिन्हींत असतं. पहिल्या दोन दिवसांत नुसतं अंगाला हात लावून जाणता डॉक्टरही खात्रीनं सांगू शकत नाही. पण एक गोष्ट आपण स्वतः करू शकतो. ताप आला त्या दिवसापासून मागं दिवस मोजायचे आणि तेव्हा माणूस कुठं होता, कुणाजवळ होता, ते आठवायचं.

फ्लू माणसाकडून माणसाला लागतो आणि एक ते चार दिवसांत ताप येतो. डेंग्यूचा डास चावल्यावर साधारण चार ते दहा दिवसांनी ताप येतो. हिवतापाचा डास चावल्यावर सात दिवसांच्या आत सहसा ताप येत नाही. जंगलपट्ट्यातला जो जिवावर बेततो, ज्याला फाल्सिपेरम म्हणतात, तो बहुतेक वेळा नऊ ते चौदा दिवसांनी उठतो.

आता त्या शेडमधले तिघं बघा.

पहिला गडी. ताप एकदम चढला, घसा दुखतोय, नाक वाहतंय, कोरडा खोकला. शेजारी झोपणारे दोघं तीन दिवसांपासून खोकत होते. दिवस जुळले, लक्षणं जुळली. हा फ्लू. आराम, गरम पाणी, तोंडाला फडकं, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी माणूस उठला. फ्लूमध्ये दम लागला, छातीत दुखलं किंवा ओठ निळे पडले तर मात्र थांबायचं नाही. गरोदर बाई, म्हातारं माणूस आणि तान्हं मूल यांना तर लगेच दवाखान्यात न्यायचं.

दुसरी बाई. दोन महिने ती जळोचीतच होती, पाड्यावर आली नव्हती. दिवसभर शेडपाशी स्वयंपाक, धुणंभांडी. खोकला नाही, सर्दी नाही. ताप भडकलेला, डोळ्यांच्या मागं दुखतंय, कंबर मोडल्यासारखी. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. तिच्या दारातल्या पिंपांत अळ्या वळवळत होत्या. सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं, डेंग्यू निघाला. पहिल्या पाच दिवसांत एनएस-वन नावाच्या तपासणीत तो सापडतो.

हिच्या बाबतीत खरी चूक पुढं होणार होती. पाचव्या दिवशी ताप उतरला. सगळे म्हणाले, बरी झाली, उद्यापासून कामाला येईल. संध्याकाळी पोटात जोरात दुखायला लागलं, उलट्या थांबेनात, हातपाय गार पडले. डेंग्यूत धोका असतो तो बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरतो तेव्हाच. रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपतं आणि माणूस आतून कोरडा पडतो. तिला रातोरात बारामतीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात नेलं म्हणून ती वाचली. पोटदुखी, सारखी उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गुंगी, लघवी कमी होणं, यातलं एक जरी दिसलं तरी ताप नाही म्हणून गप्प बसू नका.

तिसरा पोरगा. यालाही खोकला होता, म्हणून सगळ्यांनी त्याला पहिल्याच्या ओळीत बसवलं. पण दिवस मोजले तेव्हा निघालं, तो पाड्यावरनं येऊन बाराच दिवस झाले होते. त्याआधी तो ओढ्याकाठच्या शेतात माळ्यावर रात्री राखणीला झोपत होता, मच्छरदाणीविना. हिवतापाचा डास रात्रीच चावतो. हुडहुडी भरून ताप, मग घाम, हे त्यालाही होत होतं, पण ठरल्या वेळेला नाही. फाल्सिपेरमात सुरुवातीला दिवसाआड येणारी पाळी दिसेलच असं नाही, आणि खोकलाही असू शकतो. किटवर बोटाचं रक्त टाकलं, पंधरा-वीस मिनिटांत रेघ उमटली. तीन दिवसांच्या गोळ्यांनी ताप तुटला. आणखी दोन दिवस "व्हायरल" म्हणून काढले असते तर ताप डोक्यात गेला असता.

दिवस मोजण्यालाही मर्यादा आहे. हिवतापाचा दुसरा प्रकार, व्हायवॅक्स, काळजात लपून राहतो आणि महिन्यांनीही उलटतो. त्यासाठी चौदा दिवसांच्या गोळ्या असतात, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत. शिवाय डेंग्यू आता पाड्यावरही येतो. दिवस मोजल्यानं संशय कुठं घ्यायचा ते कळतं, खात्री रक्तच देतं. म्हणून जंगलातनं आलेल्या कुणालाही ताप आला तर त्याच दिवशी हिवतापाची तपासणी झालीच पाहिजे. पहिल्या दिवशी काही निघालं नाही आणि ताप राहिला, तर एक-दोन दिवसांत पुन्हा रक्त द्यायचं.

निदान होईपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाला पाचशेची एक गोळी, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर, लहानांना वजन बघून. ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन किंवा दुकानातली "अंगदुखीची गोळी" नको. डेंग्यू असेल तर तिनं रक्तस्राव वाढतो.

हिवतापाची तपासणी आणि गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट आहेत, आणि आशाताईकडे किट असायला पाहिजे. आमचं मत आहे की येत्या ग्रामसभेत याचा ठराव व्हावा. पावसाळ्याआधी प्रत्येक पाड्याच्या आशाताईकडे किट आणि गोळ्या आल्या का, त्यांची मुदत संपलेली नाही ना, हे बघायला दोन माणसं नेमा. बाहेर कामाला जाणाऱ्यांनी पाडा कधी सोडला ती तारीख लिहून खिशात ठेवावी. पिंपं आठवड्यातनं एकदा रिकामी करून, घासून, वाळवावीत, कारण अंड्याचा डास व्हायला आठवड्याहून थोडाच जास्त वेळ लागतो.

आणि कुणी "व्हायरल आहे" म्हणालं तर अदबीनं विचारा, "साहेब, रक्त बघितलं का? हा बारा दिवसांपूर्वी जंगलात होता."